कथा कुणाची, आवाज कुणाचा, हक्क कुणाचा?

कथावाचनाच्या चित्रफितीखालील माहितीच्या चार ओळींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मात्र कायद्याच्या दृष्टीने याच ओळी त्या कथेचा सातबारा ठरतात.

लोकलच्या प्रवासात, संध्याकाळी फिरताना किंवा स्वयंपाकघरात भाजी चिरताना कानाला यंत्र लावून कथा ऐकणारा एक मोठा श्रोतृवर्ग मराठीत तयार झाला आहे. यूट्यूबवर कुणी हरिभाऊ आपटे यांची कथा वाचते, कुणी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव उभा करते, तर कुणी नव्या लेखकाची गूढकथा रंगवून सांगते. पडद्यावर बहुधा एक स्थिर चित्र असते आणि सारी करामत आवाजाची असते. कथा संपते आणि श्रोत्याला साहजिकच प्रश्न पडतो, ही कुणाची होती? तो चित्रफितीखालचा मजकूर उघडतो. तेथे ‘अतिशय हृदयस्पर्शी मराठी कथा, नक्की ऐका’ एवढेच लिहिलेले आढळते. लेखकाचे नाव नसते आणि अनेकदा वाचणाऱ्याचेही नसते.

चित्रफितीसोबतच्या या माहितीला संगणकाच्या परिभाषेत ‘मेटाडेटा’ म्हणतात, म्हणजे माहितीविषयीची माहिती. शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच आहे. ग्रंथालयातल्या लाकडी खणांमध्ये ओळीने लावलेल्या तालिकापत्रांवर लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या असे. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानावर ‘सर्व हक्क’ कुणाकडे आहेत ते छापलेले असे. कथावाचनाच्या चित्रफितीला ना तालिकापत्र असते, ना ते पान. या दोन्हींचे काम तिच्याखालच्या मजकुरालाच करावे लागते. लेखक, वाचक, कथाप्रकार, लांबी आणि हक्कांची स्थिती या त्यातील पाच मुख्य नोंदी होत.

कायद्याने ओळखलेल्या ओळी

ही माहिती केवळ श्रोत्यांच्या सोयीसाठी द्यायची असते, असा सार्वत्रिक समज आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मात्र तिच्याकडे अधिक गांभीर्याने पाहतो. कॅसेटचा जमाना ऐन भरात असताना, १९८४ साली, या कायद्यात ‘५२ अ’ हे कलम घालण्यात आले. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना ते तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, स्वामित्वहक्क ज्याच्याकडे आहे त्याचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष ही माहिती ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर असलीच पाहिजे, असे हे कलम सांगते. व्हिडिओ चित्रपटासाठी त्यात आणखी एक अट आहे. मूळ हक्कदाराची संमती घेतली आहे, असे निवेदन निर्मात्याने त्यावर द्यावयाचे असते. कलमाची भाषा कॅसेटच्या डबीची आहे. आज ती डबी राहिली नाही, पण जी माहिती तिच्यावर छापली जाई, तिला आता चित्रफितीखालचा मजकूर हीच जागा उरली आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने याच विषयाला दुसऱ्या बाजूने हात घातला. ‘हक्क व्यवस्थापनविषयक माहिती’ अशी एक नवी संकल्पना कायद्यात आली. कृतीचे शीर्षक, लेखकाचे किंवा कलावंताचे नाव, हक्कदाराचे नाव व पत्ता आणि वापराच्या अटी यांचा तिच्यात समावेश होतो. अशी माहिती अधिकार नसताना जाणीवपूर्वक काढून टाकणे किंवा बदलणे हा ‘६५ ब’ कलमाखाली गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. एखाद्याची कथावाचनाची चित्रफीत उतरवून घ्यायची, तिच्यातील लेखक-वाचकांची नावे पुसायची आणि आपल्या वाहिनीवर चढवायची, हा उद्योग करणाऱ्यांनी हे कलम वाचलेले बरे. अर्थात या संरक्षणाचा लाभ होण्यासाठी मुळात ती माहिती दिलेली असावी लागते. जी नावे लिहिलीच नाहीत, ती पुसल्याची तक्रार कशी करणार?

लेखकाचे श्रेय : नाव पुरेसे नाही

पहिली नोंद लेखकाची. ती सर्वांत सोपी वाटते, परंतु सर्वाधिक चुका तिथेच होतात. इंटरनेटवर फिरणारा मजकूर विनोदी असेल तर तो पु. ल. देशपांडे यांच्या नावावर खपतो आणि भावुक असेल तर व. पु. काळे यांच्या, हे एव्हाना सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. अशा मजकुराचे वाचन केले तर चुकीचे श्रेय आवाजाच्या रूपाने पुढे चालू लागते. म्हणून लेखकाच्या नावापाठोपाठ कथा कुठून घेतली, याची नोंद हवी. कथासंग्रहाचे नाव, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष आणि शक्य असल्यास पृष्ठे दिली, की श्रेय पडताळता येते. छापील आधार सापडत नसेल, तर ती कथा त्या लेखकाच्या नावावर वाचू नये, हा साधा नियम बहुतेक घोटाळे टाळतो.

दुसरी अडचण अनुवादाची आणि रूपांतराची. वि. सी. गुर्जर (१८८५–१९६२) यांच्या अनेक कथा प्रभातकुमार मुखोपाध्याय (१८७३–१९३२) यांच्या बंगाली कथांवर बेतलेल्या आहेत. अशी कथा वाचताना केवळ गुर्जरांचे नाव देणे अपुरे, आणि केवळ प्रभातकुमारांचे देणे त्याहून अपुरे. ‘मूळ लेखक’ आणि ‘रूपांतरकार’ अशा दोन स्वतंत्र ओळी हव्यात. हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही, कारण अनुवादकाला आपल्या अनुवादावर स्वतंत्र स्वामित्वहक्क असतो. मुन्शी प्रेमचंद १९३६ साली निवर्तले आणि त्यांचे मूळ हिंदी लेखन केव्हाच सर्वांना खुले झाले. पण एखाद्या हयात अनुवादकाने केलेला त्यांच्या कथेचा मराठी अनुवाद त्याच्या परवानगीवाचून वाचता येणार नाही. ‘प्रेमचंदांवर कॉपीराइट नाही’ हे वाक्य येथे खरे असूनही उपयोगाचे नाही.

लेखन खुले झाले म्हणजे नावही वगळता येते, असे मात्र नाही. कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि तिची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा विशेष अधिकार दिला आहे. तो आर्थिक हक्कांहून वेगळा असून लेखकाच्या पश्चात त्याच्या वारसांना बजावता येतो. कथा लांबते म्हणून शेवट बदलणे किंवा पात्रांच्या तोंडी आजची वाक्ये घालणे हा प्रकार म्हणूनच जपून करावा. संक्षेप केला असल्यास तसे नोंदवावे आणि तो कुणी केला तेही लिहावे.

वाचक, निवेदक की कथाकथनकार?

मराठीत कथाकथनाची परंपरा मोठी आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीचे कथाकथन ऐकायला गावोगावी गर्दी लोटत असे. व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घरोघरी पोहोचल्या. त्या काळी लिहिणारा आणि सांगणारा एकच असे. त्यामुळे दोन नावांचा प्रश्नच उद्भवत नसे. आज चित्र पालटले आहे. लेखक एक, वाचणारा दुसरा, मुद्रण व संपादन करणारा तिसरा आणि वाहिनीचा मालक चौथा, अशी विभागणी सर्रास आढळते.

वाचणाऱ्याला कायदा ‘सादरकर्ता’ मानतो. या शब्दाच्या व्याख्येत अभिनेता, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबरच डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही येते. सादरीकरण करणाऱ्या इतर कुणासाठीही ती खुली ठेवलेली आहे. त्यामुळे कथा वाचणाऱ्याचाही तिच्यात समावेश होतो. त्याचा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून ५० वर्षे टिकतो आणि आपले नाव दिले जावे, असा आग्रह धरण्याचा अधिकारही त्याला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र स्वतंत्र असून तो सामान्यतः निर्मात्याकडे असतो व प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. आवाज एकाचा आणि मुद्रण दुसऱ्याचे असेल, तर नोंदीत दोघांचीही नावे द्यावीत.

कोणता शब्द वापरावा, यालाही अर्थ आहे. छापील कथा जशीच्या तशी वाचली असेल तर ‘वाचन’ किंवा ‘अभिवाचन’ म्हणावे. कथा आपल्या शब्दांत सांगितली असेल तर ‘कथाकथन’ म्हणावे. पहिल्या प्रकारात श्रोत्याला लेखकाची वाक्ये मिळतात, दुसऱ्यात सांगणाऱ्याची. ऐकलेले वाक्य लेखकाचे म्हणून पुढे उद्धृत करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

प्रकार आणि लांबी

यूट्यूबवर चित्रफीत चढवताना वर्ग निवडावा लागतो. तेथे मनोरंजन आणि शिक्षण असे ढोबळ वर्ग आहेत, साहित्यप्रकाराचा रकाना मात्र नाही. त्यामुळे विनोदी, ग्रामीण, गूढ, विज्ञानकथा, बालकथा हा तपशील मजकुरातच द्यावा लागतो. प्रकार एकच आणि नेमका सांगावा. सर्वच शब्द ओळीने टाकले, तर विनोदी कथा शोधणाऱ्यापुढे भयकथा येऊन पडते आणि तो दोन मिनिटांत निघून जातो. बालकथा असेल तर अधिक दक्षता हवी. चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही, हे जाहीर करणे तेथे बंधनकारक आहे आणि ‘मुलांसाठी’ असे नोंदविताच तिच्याखालील प्रतिक्रियांची सोय बंद होते. मुलांविषयी लिहिलेली प्रत्येक कथा मुलांसाठी असतेच असे नाही, हे येथे ध्यानी धरावे.

लांबी यंत्र आपोआप दाखवते, मग ती वेगळी का लिहायची? कारण यंत्राने दाखवलेली लांबी चित्रफितीची असते, कथेची नव्हे. आरंभीचे स्वागत, लेखक-परिचय आणि शेवटचे आवाहन वगळून कथा किती मिनिटांची, ती पूर्ण आहे की संक्षिप्त आणि एकूण किती भागांत आहे, हे सांगावे लागते. मजकुरात वेळांच्या नोंदी दिल्यास चित्रफितीचे प्रकरणवार तुकडे दिसतात. त्यासाठी पहिली नोंद 00:00 अशी असावी, किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने असाव्यात आणि कोणताही तुकडा दहा सेकंदांहून लहान नसावा. संथ, स्पष्ट वाचनात मिनिटाला सुमारे १२० शब्द जातात असे धरले, तर तीन हजार शब्दांची कथा २५ मिनिटे घेईल. एवढी कथा १५ मिनिटांत संपत असेल, तर वाचन घाईचे झाले किंवा मजकूर गाळला गेला, असा संशय घ्यायला जागा आहे.

हक्काची ओळ : एक नव्हे, तीन

आता सर्वांत अवघड नोंद. ‘स्वामित्वहक्क नाही’ किंवा ‘सर्व हक्क राखीव’ असे एका ओळीत लिहून मोकळे होण्याची प्रथा आहे. परंतु कथावाचनाच्या चित्रफितीत किमान तीन थर असतात. पहिला कथेच्या मजकुराचा, दुसरा वाचनाचा व त्याच्या मुद्रणाचा, तिसरा पार्श्वसंगीताचा आणि चित्रांचा. प्रत्येक थराचा मालक वेगळा असू शकतो आणि मुदतही वेगळी.

मजकुराचा हिशेब तुलनेने सोपा आहे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ही वर्षे मृत्यूच्या दिवसापासून मोजत नाहीत, तर पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ साली निवर्तले. १९६४ पासून ६० वर्षे मोजली की ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख येते. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव भारतात सर्वांना खुला झाला. अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ चे. त्यांच्या कथांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत कायम आहे. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथांसाठी २०४७ संपण्याची वाट पाहावी लागेल.

या नियमाला एक इतिहास आहे. मूळ मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असताना ती ६० वर्षे करण्यात आली. जे हक्क त्यापूर्वीच संपले होते ते मात्र पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणून १९४० वा त्यापूर्वी निवर्तलेल्या लेखकांचा हिशेब ५० वर्षांनी होतो. अपवादही आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या कथेची मुदत प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. निनावी वा टोपणनावाच्या लेखनालाही तोच नियम आहे; मात्र मुदत संपण्यापूर्वी खरे नाव उघड झाल्यास ती मृत्यूपासून मोजली जाते. दोन लेखकांनी मिळून लिहिले असेल तर शेवटी निवर्तलेल्याचे वर्ष धरतात.

देशाची सीमा ओलांडली की हिशेब बदलतो, आणि यूट्यूबवरील चित्रफीत तर चढवता क्षणीच ती ओलांडते. शिकागोत किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी श्रोता ती अमेरिकेत ऐकतो. १ जानेवारी १९९६ रोजी भारतात ज्या कृतींवर हक्क शिल्लक होता, त्यांना अमेरिकेत प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचे संरक्षण मिळते. चिं. वि. जोशी त्या दिवशी भारतात संरक्षित होते. त्यांची एखादी कथा १९३३ साली प्रथम प्रसिद्ध झाली असेल, तर ती भारतात खुली असूनही अमेरिकेत २०२८ अखेरपर्यंत संरक्षित राहील. म्हणून ‘प्रताधिकारमुक्त’ असे मोघम न लिहिता ‘भारतात १ जानेवारी २०२४ पासून प्रताधिकारमुक्त’ असे लिहिणे अचूक ठरते.

एक नोंद, प्रत्यक्षात

वरील सर्व मुद्दे एका उदाहरणात बसवून पाहू. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरील कथा कुणी वाचायचे ठरवले आहे. समजा, वाचन दोन भागांत झाले आणि पहिल्या भागात कथा ३६ मिनिटे १० सेकंद चालते. कथा लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेली आहे. मृत्यू १९१९, त्यावेळच्या मुदतीप्रमाणे १९२० पासून ५० वर्षे, म्हणजे हक्क १९६९ अखेर संपला. प्रसिद्धीला ९५ वर्षांहून अधिक काळ लोटल्याने अमेरिकेतही अडचण नाही. तेव्हा नोंद अशी होईल :

कथा : काळ तर मोठा कठीण आला (भाग १, एकूण २)
लेखक : हरि नारायण आपटे (१८६४–१९१९)
आधार : ज्या आवृत्तीतून वाचले तिचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे
अभिवाचन : वाचणाऱ्याचे पूर्ण नाव
ध्वनिमुद्रण व निर्मिती : निर्मात्याचे नाव, पत्ता, वर्ष
प्रकार : सामाजिक कथा (दुष्काळ)
लांबी : कथा ३६ मिनिटे १० सेकंद, मजकूर संपूर्ण, संक्षेप नाही
हक्क, मजकूर : भारतात १ जानेवारी १९७० पासून प्रताधिकारमुक्त (लेखकाचा मृत्यू १९१९)
हक्क, वाचन व मुद्रण : निर्मात्याकडे; पुनर्वापरासाठी परवानगी आवश्यक
हक्क, संगीत व चित्र : रचनाकाराचे व चित्रकाराचे नाव, परवान्याचा प्रकार

हक्काच्या पहिल्या ओळीत केवळ निष्कर्ष नाही, त्याचे कारणही दिले आहे. मृत्यूचे वर्ष समोर असल्यामुळे कुणालाही तो हिशेब स्वतः करून पाहता येतो. आधाराची ओळही येथे विशेष महत्त्वाची आहे. हरिभाऊंचा मजकूर खुला असला तरी अलीकडच्या आवृत्तीतील प्रस्तावना, टीपा किंवा आजच्या भाषेत केलेले सुलभीकरण यांवर संपादकाचा हक्क असतो. त्यामुळे जुनी, लेखकाच्या हयातीतील वा त्यानंतर लगेचची आवृत्ती हाती असल्यास तीच वाचणे श्रेयस्कर.

यूट्यूब शीर्षकाला १०० आणि मजकुराला ५००० अक्षरांची मर्यादा घालते. ही संपूर्ण नोंद त्यात सहज मावते. मात्र मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच प्रथमदर्शनी दिसतात, बाकीच्या झाकलेल्या राहतात. म्हणून कथा, लेखक आणि वाचक ही तीन नावे सर्वांत वर घ्यावीत. स्वागताचे आणि आवाहनाचे शब्द खाली जाऊ द्यावेत. परवान्याच्या रकान्यात ‘Standard YouTube License’ आणि ‘Creative Commons - Attribution’ असे दोनच पर्याय मिळतात. प्रताधिकारमुक्त असा तिसरा पर्याय नाही. दुसरा पर्याय निवडल्यास इतरांना ती चित्रफीत श्रेय देऊन वापरण्याची, त्यात बदल करण्याची मुभा मिळते. ही मुभा तिन्ही थरांचे हक्क आपल्याकडे असतील किंवा खुले असतील तरच देता येते. दुसऱ्याच्या संगीतावर आपण परवाना वाटू शकत नाही.

परवानगीचे पत्र

कथा संरक्षित असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी. प्रकाशकाने होकार दिला म्हणून काम झाले, असे समजू नये. जुन्या करारान्वये त्याच्याकडे फक्त पुस्तक छापण्याचे हक्क असू शकतात. परवानगीच्या पत्रात कथेचे नाव, माध्यम, मुदत, प्रदेश आणि मोबदला यांचा स्पष्ट उल्लेख असावा. येथे कायद्यातील एक बारकावा अनेकांना गोत्यात आणतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवानगी भारतापुरतीच धरली जाते. ‘माझी कथा खुशाल वाचा’ असे प्रेमाने लिहिलेले पत्र सहाव्या वर्षी कुचकामी ठरू शकते, आणि अमेरिकेतील श्रोत्यांपुरते तर ते पहिल्या दिवसापासूनच अपुरे असते. ‘जगभर’ हा एक शब्द आणि वर्षांचा आकडा एवढ्याने हा पेच सुटतो. परवानगी मिळाली की हक्काच्या ओळीत ‘वारसांच्या लेखी परवानगीने, अमुक वर्षापर्यंत’ असे नमूद करावे.

‘श्रेय मूळ लेखकाला’, ‘हक्कभंगाचा हेतू नाही’, ‘केवळ मनोरंजनासाठी’ अशी वाक्ये अनेक चित्रफितींखाली आढळतात. त्यांनी परवानगीची जागा भरून निघत नाही. प्रसिद्ध साहित्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचण्याची सवलत कायद्यात आहे, पण संपूर्ण कथा मुद्रित करून कायमची प्रसिद्ध करणे त्या सवलतीत बसत नाही. उलट असे वाक्य लिहिणाऱ्याला कथा दुसऱ्याची असल्याचे ठाऊक होते, हेच त्यातून सिद्ध होते.

बिघाड कुठे होतो?

आक्षेप दोन प्रकारचे येतात आणि त्यांतील फरक ओळखणे आवश्यक आहे. पहिला यंत्राकडून येतो. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा चढवलेला आवाज नोंदलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहते. कथावाचनात ती बहुधा पार्श्वभूमीवरची बासरी किंवा सतार पकडते. मग चित्रफीत राहते, पण तिचे उत्पन्न संगीताच्या हक्कदाराकडे जाऊ शकते. कथा शंभर वर्षांची असली तरी येथे काही उपयोग होत नाही, कारण आक्षेप तिसऱ्या थरावरचा आहे. अशा वेळी आक्षेपाच्या सूचनेत दिलेली नेमकी वेळ पाहावी. तेथे संगीत वाजत असेल तर कारण उघड आहे आणि ते संगीत काढून टाकणे हा सरळ उपाय.

दुसरा आक्षेप माणसाकडून येतो. लेखक वा वारस रीतसर तक्रार करतो, चित्रफीत काढली जाते आणि वाहिनीच्या नावावर ‘स्ट्राइक’ लागतो. ९० दिवसांत असे तीन लागले तर वाहिनीच बंद होऊ शकते आणि तिच्यावरील निर्दोष चित्रफितीही तिच्यासोबत जातात. ज्याने एकाच लेखकाच्या दहा कथा परवानगीविना वाचल्या आहेत, त्याच्यावर हे संकट एका आठवड्यातही कोसळू शकते. वारसांच्या बाजूने पाहिले तर, ज्या कथेच्या ध्वनिपुस्तकाचे मानधन मिळू शकले असते, तीच कथा इतरत्र फुकट ऐकायला मिळते आणि तिच्याखाली त्यांच्या वडिलांचे नावही नसते.

तक्रार चुकीचीही असू शकते. कथा खुली झाल्याचे वारसांना माहीत नसते किंवा एखाद्याने जुने वाचन स्वतःच्या नावावर नोंदवलेले असते. तेव्हा प्रतिदावा करता येतो आणि त्यासाठी लागणारी सामग्री तीच असते : लेखकाच्या मृत्यूचे वर्ष, आधारभूत आवृत्ती, वाचणाऱ्याचे नाव, मुद्रणाचे वर्ष. चित्रफीत चढवतानाच ज्याने ही नोंद केली, त्याला ती नंतर शोधत बसावी लागत नाही. आवृत्तीच्या मुखपृष्ठामागील पानाचे छायाचित्र आणि परवानगीच्या पत्राची प्रत त्याच दिवशी मूळ ध्वनिमुद्रणासोबत जपून ठेवली, तर काम पुरे होते.

श्रोत्यांच्या हातीही एक कसोटी आहे. कथा संपल्यावर खालचा मजकूर उघडावा आणि लेखक, वाचणारा व आधारभूत पुस्तक या तीन गोष्टी तेथे सापडतात का, ते पाहावे. सापडल्या तर ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक काढता येते आणि त्या लेखकाची पुढची कथा वाचता येते. न सापडल्या तर प्रतिक्रियेत त्यांची विचारणा करावी.